दसरा १८ दिवस पुढे कसा गेला?

प्रेषक: मंदार (न्यू जर्सी)
नमस्कार मंडळी,
दसऱ्याच्या कार्यक्रमासाठी शाळेचा हॉल या आठवड्यात सांगून ठेवायचा आहे. २०२३ ला दसरा २४ ऑक्टोबरला होता, २०२४ ला १२ ला, २०२५ ला २ ला. त्या हिशेबाने २०२६ चा सप्टेंबरमध्ये यायला हवा, पण दिनदर्शिकेत २० ऑक्टोबर दिसतोय. छपाईची चूक तर नाही? शिवाय धम्मचक्र प्रवर्तन दिनाची तारीख १४ ऑक्टोबर. दोन्ही एकत्र घ्यायचे तर कुठला शनिवार धरू?

प्रेषक: शशांक
मंदार, चूक नाही. चांद्र वर्ष ११ दिवसांनी लहान, म्हणून सण दरवर्षी ११ दिवस मागे येतो. तीन वर्षांत ३३ दिवस साचले की अधिक महिना टाकून बरोबरी करतात. २०२३ ला अधिक होता, २०२६ ला आहे, पुढचा २०२९ ला. दर तिसऱ्या वर्षी सगळे सण पुढे ढकलायचे, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

प्रेषक: प्रज्ञा (नागपूर)
शशांक, ११ दिवसांचं बरोबर आहे, पण "दर तिसऱ्या वर्षी" आणि "सगळे सण" या दोन्ही ठिकाणी गडबड आहे.

अमावास्या ते अमावास्या सरासरी २९.५३ दिवस, असे १२ महिने म्हणजे ३५४.३७ दिवस. ऋतूंचं वर्ष ३६५.२४ दिवसांचं. मंदारने दिलेल्या तारखा मोजून पाहा: २०२३ च्या दसऱ्यापासून २०२४ च्या दसऱ्यापर्यंत ३५४ दिवस, तिथून २०२५ पर्यंत ३५५. दोन्ही बारा महिनेच. पहिल्या वेळी मध्ये २९ फेब्रुवारी आला, म्हणून तारीख १२ ने मागे आली, दुसऱ्या वेळी १० ने. २०२५ ते २०२६ मध्ये मात्र ३८३ दिवस आहेत, कारण महिने तेरा.

आता हा तेरावा महिना कोणी "टाकत" नाही. सूर्य दर महिन्याला एक रास बदलतो, ती संक्रांत. दोन अमावास्यांच्या मधे जी संक्रांत येते तिच्यावरून त्या महिन्याचं नाव ठरतं. मधे संक्रांत आलीच नाही, तर महिन्याला स्वतःचं नाव मिळत नाही. तो पुढच्या महिन्याचं नाव घेतो आणि अधिक म्हणवतो. यंदा वृषभ संक्रांत १५ मे रोजी आहे, अमावास्या १६ ची मध्यरात्र उलटल्यावर संपते. पुढची अमावास्या १५ जूनला सकाळी साडेआठच्या आत संपते आणि मिथुन संक्रांत त्याच दिवशी दुपारी एकच्या सुमारास. म्हणजे काही तासांनी संक्रांत हुकली आणि १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ झाला. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्यापासून दूर असल्याने सूर्याची चाल मंद दिसते. एक रास ओलांडायला त्याला ३१ दिवसांहून जास्त लागतात, त्यामुळे असं हुकणं त्या महिन्यांत जास्त घडतं.

दोन अधिक महिन्यांत सरासरी साडेबत्तीस महिन्यांचं अंतर असतं, पक्की तीन वर्षं नाहीत. २०१८ ला अधिक ज्येष्ठ होता आणि २०२० लाच अधिक आश्विन आला. तुझ्या नियमाने तो २०२१ ला यायला हवा होता.

आणि सगळे सण पुढे जात नाहीत. अधिक महिना ज्या जागी शिरतो, त्याच्या नंतरचेच जातात. गुढीपाडवा २०२५ ला ३० मार्चला होता, यंदा १९ मार्चला, म्हणजे ११ दिवस मागेच. ज्येष्ठ त्याच्या नंतर येतो ना! पाडव्याला धक्का २०२७ ला बसेल, तेव्हा तो ७ एप्रिलला आहे. एकाच वर्षी पाडवा मागे आणि दसरा पुढे, हे पाहिलं की लोकांना पंचांगच चुकलंय असं वाटतं.

प्रेषक: सुनील (टोरोंटो)
प्रज्ञाताई, माझं जरा वेगळं आहे. पोरांना मारबतच्या पुतळ्यांची मिरवणूक दाखवायला नागपूरले येऊन राहिलो. गेल्या साली मारबत २३ ऑगस्टला होती, म्हणून यंदा १२ ऑगस्टचं तिकीट पाहून राहिलो. चालेल नं?

प्रेषक: प्रज्ञा
सुनीलभाऊ, थांबा! मारबत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि पोळा श्रावण अमावास्येला. श्रावण अधिक ज्येष्ठाच्या नंतरचा, म्हणून तोही पुढे सरकलाय. यंदा ती अमावास्या १० सप्टेंबरला सकाळी लागते आणि ११ ला सकाळी नऊच्या सुमारास संपते. संध्याकाळची अमावास्या धरली तर पोळा १० ला आणि मारबत ११ ला. सूर्योदयाची धरणारे एक दिवस पुढे सांगतील. मारबत कमिट्या कुठला दिवस जाहीर करतात ते इथे कळेलच, पण तिकीट काढताना ९ ते १३ सप्टेंबर एवढे दिवस हाताशी ठेवा.

मंदार, तुझ्या हॉलचं. दशमी भारतात २० ऑक्टोबरला दुपारी लागते आणि २१ ला दुपारी दोनच्या सुमारास संपते. तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे जाण्याचा काळ, त्यामुळे ती लागण्याचा क्षण जगभर एकच. घड्याळ फक्त वेगळं. तुमच्याकडे तेव्हा साडेनऊ तास वजा करायचे, म्हणजे दशमी २० ला पहाटे लागून २१ च्या पहाटे संपते. २० ची दुपार पूर्ण दशमीत, काही वाद नाही. तो मंगळवार आहे, म्हणून शनिवार २४ धर. १७ ला नवरात्रच चालू असेल.

प्रेषक: शशांक
साडेनऊ तासांवर आठवलं. गेल्या वर्षी आपण लक्ष्मीपूजन २० ऑक्टोबरला केलं आणि घरी नागपूरला २१ ला. तेव्हा फोनवर बरीच वादावादी झाली. कोण बरोबर?

प्रेषक: प्रज्ञा
तुमचं २० निर्विवाद बरोबर. अमावास्या भारतात २० ला पावणेचारला लागली, २१ ला ५:५४ ला संपली. तुमच्याकडे ती २१ ला सकाळी ८:२४ लाच संपली, त्यामुळे त्या दिवशीच्या संध्याकाळचा प्रश्नच नव्हता.
इथला वाद खरा होता. २१ ला नागपूरचा सूर्यास्त पावणेसहाच्या सुमारास, म्हणजे सूर्यास्तानंतर जेमतेम दहा मिनिटं अमावास्या. मुंबईत सूर्य सहा वाजून गेल्यावर मावळतो, तिथे तेवढीही नव्हती. तरी महाराष्ट्रातल्या पंचांगांनी २१ दिला, कारण दोन दिवसांपैकी कुठला घ्यायचा याचे शास्त्रार्थ वेगवेगळे आहेत. उत्तरेत बहुतेकांनी २० घेतला. गणित दोघांचं एकच होतं. मला स्वतःला मुंबईसाठी २० जास्त पटतो, पण इथले गुरुजी ऐकत नाहीत.

प्रेषक: मंदार
२४ तारीख सांगून टाकतो. धम्मचक्र प्रवर्तन दिन मग १४ लाच वेगळा करायचा का?

प्रेषक: प्रज्ञा
बाबासाहेबांनी दीक्षा घेतली तो १४ ऑक्टोबर १९५६, त्या दिवशी अशोक विजयादशमी होती. म्हणून इथे दीक्षाभूमीवर मोठी गर्दी दसऱ्याला असते, आणि १४ ऑक्टोबरलाही लोक येतात. दोन्ही क्वचितच जुळतात. १९ सौर वर्षांत जवळपास बरोबर २३५ चांद्र महिने बसतात, म्हणून २००५ आणि २०२४ दोन्हींचा दसरा १२ ऑक्टोबरचा. १९५६ पासून ५७ वर्षांनी, २०१३ ला, तो १३ ऑक्टोबरला आला. एक दिवसाने हुकलाच. सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या चौथ्या आठवड्यापर्यंत तो फिरत राहतो, २०१७ ला तर ३० सप्टेंबरला होता. तिथीने करायचं की तारखेने, हे तुमच्याकडच्या बौद्ध कुटुंबांना विचारून ठरवा. पंचांग त्याचं उत्तर देणार नाही.

प्रेषक: सुनील
१३ पर्यंतचं तिकीट महाग पडून राहिलं, ताई. ११ ला रात्री निघालो तर काळी न् पिवळी मारबत दोन्ही दिसतील का?