मदत हवी आहे : साडेसोळा गुण जुळत असतानाही लग्नावर ठाम आहे, आई-वडिलांना लिहिलेले पत्र कृपया वाचून सांगावे

आमचे गाव गंगाखेडजवळ आहे आणि मी नोकरीनिमित्त पुण्यात असतो. फोनवर अण्णा दोन मिनिटांत चिडतात, म्हणून पत्र लिहितो आहे. त्यातला मुख्य भाग असा :

"तीर्थरूप अण्णा व आईस साष्टांग नमस्कार. गुरुजींनी उसाच्या वजनपावतीच्या पाठीमागे लिहून दिलेला हिशोब मी जपून ठेवला आहे. माझे नक्षत्र अनुराधा, तिचे भरणी. गणाचे सहा आणि ग्रहमैत्रीचे पाच गुण पूर्ण मिळाले, परंतु नाडीचे आठ आणि भकूटाचे सात असे पंधरा गुण गेल्यामुळे बेरीज अठराच्या खाली राहिली. सत्तावीस नक्षत्रे तीन नाड्यांत नऊ-नऊ वाटलेली आहेत, त्यामुळे कोणत्याही तीन जोड्यांपैकी साधारण एक जोडी एकनाडच निघणार. त्या सगळ्यांच्या घरी पाळणा हलला नाही, असे आपल्या गावात तरी दिसत नाही. अण्णा, आई तुमच्या सख्ख्या मामाची मुलगी. तेव्हा गुण कोणी पाहिले होते? संततीची चिंता असेल तर आम्ही दोघांनी थॅलेसेमियाची तपासणी केली असून दोघेही वाहक नाही. तीन वर्षांच्या ओळखीनंतर मी हा निर्णय घेतला आहे आणि तो बदलणार नाही."

मामाच्या मुलीचा उल्लेख ठेवावा का?

प्रतिसाद १
एकनाड म्हणजे एकच रक्तगट, आणि त्यामुळेच मुलांना त्रास होतो. आधी रक्तगट तपासून घ्या.

धागाकर्ता
माझा बी पॉझिटिव्ह आहे, तिचा ओ पॉझिटिव्ह. नाड मात्र दोघांचीही मध्यच आहे.

प्रतिसाद २
नाड जन्मनक्षत्रावरून ठरते, रक्ताशी तिचा संबंध नाही. मी वीस वर्षे पत्रिका पाहतो, म्हणून एक सुचवतो. वृश्चिक आणि मेष या दोन्ही राशींचा स्वामी मंगळच असल्यामुळे हे प्रीतिषडाष्टक होते आणि त्याला आम्ही दोष धरत नाही. हे वाक्य पत्रात अवश्य घाला, कारण गुरुजीही ते नाकारू शकणार नाहीत. नाडीचा परिहार मात्र तुम्हाला लागू नाही. एक रास आणि भिन्न नक्षत्रे, किंवा एक नक्षत्र आणि भिन्न चरण असतील तरच तो धरतात. तेव्हा "दोष नाही" असे लिहू नका, "दोष मान्य असूनही" असे लिहा.

प्रतिसाद ३
मुलीला मंगळ आहे का, ते लिहिलेच नाही. माझ्या भावाचे अठ्ठावीस गुण जुळले होते, तरी दीड वर्षात सोडचिठ्ठी झाली.

धागाकर्ता
मंगळाचा प्रश्न आमच्याकडे निघालेला नाही, आणि मी तो काढणारही नाही. "दोष मान्य असूनही" हे शब्द घेतो. त्यात मी स्वतः दोष मानतो असा अर्थ निघेल का, याची शंका आहे.

प्रतिसाद २
निघेल. तरीही अण्णांना पुढची ओळ वाचावीशी वाटेल. मामाच्या मुलीचा मुद्दा खरा आहे, पण तो पत्रात नको. आईंशी समोर बसून बोला.

धागाकर्ता
पत्र मोठ्याने वाचून दाखवणार आईच आहे, अण्णांचा चष्मा मागच्या महिन्यात फुटला. तो मुद्दा काढू की ठेवू, हे अजून ठरत नाही.