एकूण दर वाढला, पण प्रत्येक गट घसरला

> "एकूण कन्व्हर्जन वाढलंय, पण नवे आणि जुने दोन्ही गट खाली गेलेत. रिपोर्टच चुकलाय ना?"

रिपोर्ट बरोबर असू शकतो. कन्व्हर्जन म्हणजे साइटवर आलेल्यांपैकी किती टक्के लोकांनी खरेदी केली, तो दर. दादरच्या एका साडीच्या दुकानाच्या वेबसाइटचं काम बघताना मला हेच दिसलं होतं. आकडे सोपे करून सांगतो. पहिल्या महिन्यात 8000 नवे लोक आले, 2 टक्क्यांनी खरेदी केली. जुने गिऱ्हाईक 2000, त्यातले 10 टक्के. मिळून 360 ऑर्डर, म्हणजे 3.6 टक्के. पुढच्या महिन्यात जाहिरात थांबवली आणि जुन्यांना व्हॉट्सॲपवर मेसेज गेले. नवे 4000 आले, दर 1.8. जुनेही 4000, दर 9. ऑर्डर 432, एकूण दर 5.4 टक्के! जास्त दराच्या गटाचा वाटा 20 वरून 50 टक्क्यांवर गेला, एवढंच.

अशा वेळी मी नवे दर जुन्याच प्रमाणात बसवून बघतो: 0.8 × 1.8 + 0.2 × 9 = 3.24. म्हणजे गिऱ्हाइकांचं मिश्रण तेच राहिलं असतं तर दर घटलाच असता. पण 72 जादा ऑर्डर खऱ्या आहेत, त्या नाकारू नका. आणि जुन्यांची घसरण लगेच साइटच्या माथी मारू नका. मेसेजमुळे दोन-दोन वर्षं न फिरकलेले लोकही नुसते डोकावून जातात. आम्ही जुन्यांना शेवटच्या खरेदीच्या तारखेनुसार पुन्हा फोडलं, तेव्हा नियमित गिऱ्हाइकांचा दर जागच्या जागी होता. नव्यांचा मात्र फोडूनही खालीच राहिला, तिथे पेमेंटचं पान तपासावं लागलं.