स्पॅनिश हेडलाइन वाचताना डोकं फिरतंय, मदत हवी आहे

बी१ चालू आहे, क्लासमधल्या बाईंनी रोज पेपर वाचा म्हणून सांगितलंय. बातमी निम्मी तरी समजते पण हेडलाइनलाच गाडी अडते. काल एक होती, "देतेनिदास दोस मुखेरेस एन वालेन्सिया पोर रोबार एन उना खोयेरिया". पूर्ण वाक्यात क्रियापद कुठाय? मी आधी "थांबलेल्या दोन बायका" असं लावलं 🙈 आणि "मुएरे गार्सिया मार्केस" म्हणजे मरतोय का मेला? तो तर २०१४ ला गेला ना?

टिवल्याबावल्या: सोप्पंय, हेडलाइनमध्ये वर्तमानकाळ दिसला की सरळ भूतकाळ समजायचा. मुएरे म्हणजे वारला. संपलं.

माद्रिदकर: मुएरेपुरतं बरोबर, पण संपलं नाही. २ जून २०१४ ला "एल रेय आब्दिका" छापून आलं, राजा पायउतार. त्या दिवशी त्याने नुसतं जाहीर केलं होतं, कायद्यावर सही १८ जूनला केली आणि त्याच मध्यरात्री तो अमलात आला. म्हणजे तुमच्या नियमाने वाचलं तर सोळा दिवस आधीच राजा बदलला! हेडलाइनखालचं पहिलं वाक्य बघा, काळ तिथे खरा कळतो. स्पेनचा पेपर बहुतेक "आ मुएर्तो" लिहील, मेक्सिकोचा "मुरिओ".

आता त्या बायका. आपल्याकडे "दोघी अटकेत" छापतात, तिथे "आहेत" कुणी शोधतं का? तसंच हे. सोबतचं क्रियापद गाळलंय आणि "देतेनिदास" मधला "आस" सांगतो की पकडलेल्या बायका आहेत आणि एकीपेक्षा जास्त. पुरुष असते तर देतेनिदोस. लॅटिन अमेरिकेत हेच बऱ्याचदा "देतिएनेन आ दोस मुखेरेस" असं येतं, तिथे पकडणारा सांगतच नाहीत, पोलीस हे आपण धरायचं. मधला "आ" सोडलात तर बायकाच कुणाला तरी पकडतायत असं वाचाल.

पुणेरी_मिसळ: मला पण हाच प्रॉब्लेम, डेलेची परीक्षा नोव्हेंबरला आहे, लिसनिंगसाठी कुठला पॉडकास्ट ऐकू?

टिवल्याबावल्या: मिसळ, वेगळा धागा काढा हो 😀 माद्रिदकर, राजाचं पटलं. पण गाळलेलं "पकडण्यात आलंय" आहे का "कोठडीत आहेत"? दोन्ही बसतं की.

माद्रिदकर: मी "पकडण्यात आलंय" धरतो कारण पुढे "पोर रोबार" म्हणजे कारण दिलंय. पण इथली माझी शेजारीण दुसरं धरते, आमचं एकमत नाही.

धागाकर्ती: ओके म्हणजे शेवटचं अक्षर आणि खालची पहिली ओळ. आज एक नवीन आलीय, "नादाल, कांपेओन", यात तर नुसता स्वल्पविराम आहे 😩 तो "आहे"च्या जागी आहे का "झाला"च्या?