नव्या घराची स्वप्ने: आपले अनुभव

ओसरी:
भावाने गावच्या घराचे छायाचित्र पाठवले आणि पडवीचा वाकलेला वासा पाहून जुना बेत पुन्हा डोके वर काढू लागला. निवृत्तीनंतर आम्ही दोघे राजापूरजवळच्या चिऱ्याच्या घरात कायमचे राहायला जाणार आहोत. माजघराला पूर्वी केलेला सिमेंटचा गिलावा गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत फुगून त्याचे पोपडे पडत आहेत. अशी घरे ज्यांनी नव्याने राहती केली, त्यांनी कृपया लिहावे.

जांभा:
चिरा जमिनीतली ओल शोषतो आणि ती भिंतीच्या अंगातूनच उडून जाते. सिमेंटने ती वाट बंद झाली की ओल आणखी वर चढते आणि सोबत आलेले क्षार गिलाव्यामागे साठून त्याला पुढे ढकलतात. बोटांच्या पेरांनी भिंत वाजवून पाहा. पोकळ आवाज येईल तिथे गिलावा सुटलेला आहे. गुहागरला आम्ही तो सगळा खरवडला, उन्हाळाभर भिंती उघड्या ठेवल्या आणि मग चुना-वाळूचा गिलावा करून तो फार लवकर सुकू नये म्हणून ओली गोणपाटे लावली. मात्र पागोळ्यांचे पाणी जोत्याशीच पडत असेल, तर आधी ते दूर न्यावे. नाहीतर आतला खर्च वाया जाईल.

चंद्रकोर:
एवढा खटाटोप कशाला? आतून जलरोधक रंगाचे दोन हात द्यावेत. आमच्याकडे दोन पावसाळे काहीही झालेले नाही.

जांभा:
तिसऱ्या पावसाळ्यानंतर अवश्य कळवा. बाहेरून पावसाचा मारा असेल तर बाहेरच्या बाजूने तसा थर चालतो, खालून चढणाऱ्या ओलीवर तो उपाय नव्हे.

अबोली:
शीर्षक वाचून मला वाटले, झोपेतल्या स्वप्नांविषयी विचारले आहे. यजमान गेल्यानंतर मला वारंवार दिसे की, आमच्या दोन खोल्यांच्या घरात एक अनोळखी दार आहे आणि त्यापलीकडे गिलावाही न केलेली मोठी खोली आहे. भीती कधी वाटली नाही. उलट तिथे शिलाईयंत्र कुठे ठेवावे, याचाच विचार मी करीत असे. पुढे मी शिवणवर्ग काढला, तो मात्र भाड्याच्या गाळ्यात.

मधलीआळी:
घर सामाईक असेल तर सर्व हिस्सेदारांची लेखी संमती आधी घ्यावी. आमचे छप्पर उतरवून झाल्यावर चुलतभावाने काम अडवले आणि मृगाचा पाऊस थेट देवघरात आला.

ओसरी:
भाऊ तयार आहे, आत्या अजून काही बोलत नाहीत. छपराचेही ठरत नाही. मला कौलेच हवीत, सौभाग्यवतींना स्लॅब हवी आहे.

जांभा:
मातीत रचलेल्या जुन्या भिंतींवर स्लॅबचे वजन टाकू नका. त्यासाठी स्वतंत्र खांब उभारावे लागतील आणि मग ती दुरुस्ती न राहता नवे बांधकामच होईल.

अबोली:
वहिनींचेही ऐका. वानरे कौले फोडतात आणि दरवर्षी ती परतायला माणूस मिळत नाही. साठीनंतर छपरावर कोण चढणार आहे?