मदत हवी आहे: वर मजला चढवता येणार नाही असं इंजिनिअरचं पत्र आलं, बाबांना कसं समजावू?

हनुमाननगरचा_धाकटा

नमस्कार. आमचं घर नागपुरात हनुमाननगरला आहे. बाबांनी १९७४ साली बांधलं. तळमजलाच आहे, ९ इंची विटांच्या भिंती आणि वर सिमेंटचा स्लॅब. दादाचं लग्न ठरलंय, म्हणून वर दोन खोल्या काढायच्या होत्या. ठेकेदार म्हणाला, "काही होत नाही, पाया दगडी आहे." आईच्या आग्रहाने आम्ही एका स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं.

त्यांनी अंगणात पेरूच्या झाडाजवळ, भिंतीला लागून खड्डा खणायला लावला. दगडी पाया तीन फुटांवर संपला. खाली अजून काळी मातीच होती, मुरूम सहा फुटांवर लागला. मग त्यांनी मागच्या भिंतीचं बाहेरचं पॉइंटिंग थोडं फोडलं आणि खिळ्याने सांधा खरवडला. इंचभर आत सिमेंट संपलं आणि भुरकट माती भुरभुर खाली पडली. बाबा बाजूलाच उभे होते, काही बोलले नाहीत.

आठवड्याने पत्र आलं. त्यातला मुख्य भाग देतो:

"मधल्या भिंतीच्या दर मीटर लांबीवर सध्या भिंत, स्लॅब आणि पाया मिळून सुमारे ५ टन भार आहे. पाया ०.७५ मीटर रुंद आहे, म्हणजे मातीवर दर चौरस मीटरला पावणेसात टनांच्या आसपास. प्रस्तावित मजल्याने दर मीटरला आणखी साडेतीन टन येतील आणि हा दाब ११ टनांच्या वर जाईल. खड्ड्यात दिसलेल्या काळ्या मातीवर ८ टनांपेक्षा जास्त दाब मी धरू शकत नाही. भिंतींची जुडाई मातीतली आहे, फक्त बाहेरचं पॉइंटिंग सिमेंटचं आहे. या घरावर मजला चढवू नये."

बाबांचं एकच म्हणणं: "पन्नास वर्षं उभं आहे, एक वीट हलली नाही." त्यांना हा घराचा अपमान वाटतो. दुसऱ्या इंजिनिअरला विचारावं का? आणि हे ८ टन कुठून आले?

गिट्टीखदान_मितवा

भाऊ, प्लॅन पास आहे का? नागपूर सुधार प्रन्यासचा की महानगरपालिकेचा, ते आधी पाहा. आमच्याकडं मंजुरीचीच कटकट होऊन राहिली. एफएसआय शिल्लक असला तर वरचा मजला मिळतोच.

हनुमाननगरचा_धाकटा

दादा, मंजुरीचा प्रश्न नाहीच. घर भार घेईल का, एवढंच विचारतोय.

निवृत्त_बांधकाम

मी सार्वजनिक बांधकाम खात्यात होतो, विदर्भात पुष्कळ पाये उकरून पाहिलेत. पत्र नीट लिहिलेलं आहे. आकडे मी पुन्हा मांडून पाहिले, जुळतात. ९ इंची, तीन मीटर उंच भिंत मीटरला जवळजवळ १.४ टन. दोन्हीकडच्या खोल्या साडेतीन मीटरच्या धरल्या तर स्लॅब, फरशी आणि माणसं-सामान मिळून २ टनांच्या थोडं वर. झाले साडेतीन.

८ टनांचं म्हणाल तर काळ्या मातीचा एकच आकडा नसतो. ओल्या मातीचा कमी, सुक्या मातीचा जास्त. म्हणून पावसाळ्यातल्या मातीचा धरावा लागतो. माझ्या मते त्यांनी हात आखडता घेतलेला नाही, उलट सढळच धरलंय. खात्री हवी असेल तर माती प्रयोगशाळेत पाठवा. पण १२ टन येतील या आशेने पाठवू नका.

बाबांचं म्हणणं खोटं नाही. घर उभं आहे कारण खालच्या मातीवर दर चौरस मीटरला पावणेसात टनच आहेत. प्रश्न पुढच्या साडेचार टनांचा आहे, आणि ते घराने कधी अंगावर घेतलेलेच नाहीत.

एक विचारतो. मे महिन्यात कुठे तिरकी भेग दिसते का? खिडकीच्या कोपऱ्यातून वर जाणारी?

हनुमाननगरचा_धाकटा

हो! मागच्या खोलीत आहे. उन्हाळ्यात नख जातं, दिवाळीपर्यंत केसाएवढी होते. बाबा दरवर्षी चुना भरतात. आणि श्रावणात त्या खोलीचं दार अडकतं.

निवृत्त_बांधकाम

म्हणजे पाया वर-खाली होतोय. माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तीन फुटांवरचा पाया त्याच थरात बसलाय. मुरमापर्यंत गेला असता तर हे झालं नसतं. चुना भरला की भेग पुढच्या वर्षी बाजूने फुटते. त्याऐवजी काचेची पातळ पट्टी भेगेवर आडवी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा आणि तारीख लिहा. पट्टी फुटली की भिंत हलली. बाबांच्या हातूनच लावून घ्या.

सक्करदऱ्याची_माई

आमच्या जेठांनी असंच ऐकलं नव्हतं. वर एक खोली काढली, दुसऱ्या पावसाळ्यात जिन्याजवळची भिंत फुगली. सगळे खाली येऊन झोपत होते. शेवटी खोली पाडली. भाऊ, ते पत्र जपून ठेवा.

साइटवाला_वर्धा_रोड

एवढं घाबरायचं नाही. वर एएसी ब्लॉकच्या ६ इंची भिंती करा. विटेपेक्षा कितीतरी हलक्या, प्रश्न मिटला. नाहीतर बाहेरून आरसीसी कॉलम काढा.

निवृत्त_बांधकाम

ब्लॉकने भिंत हलकी होते हे बरोबर. १.४ टनांची ०.३५ वर येते. पण स्लॅबचे दोन टन तसेच राहतात. एकूण ७.४ टन, भागिले पाऊण मीटर, म्हणजे जवळजवळ १० टन. ८ मध्ये बसत नाही. आणि हे फक्त मातीचं. चिखलातल्या जुडाईच्या भिंतीत गळक्या नळाचं पाणी मुरलं की तिची ताकद निघून जाते, ते वेगळंच.

कॉलमचा मार्ग आहे, मात्र साइटवाल्यांनी सांगितला तसा नाही. कॉलमचा पाया सहा फुटांवर मुरमात न्यावा लागेल, म्हणजे जुन्या पायाच्या खाली तीन फूट खणणं. जुना पायाही मातीत रचलेल्या दगडांचा असेल तर बाजू मोकळी होताच दगड सुटून खाली येतात. भिंतीपासून दूर सरकावं तर प्लॉट किती, ते पाहावं लागेल. शिवाय नवा मजला जुन्या भिंतींना कुठेही टेकू द्यायचा नाही. दोन्ही वेगवेगळे हलणार.

हनुमाननगरचा_धाकटा

प्लॉट ३० फूट रुंद आहे, दोन्ही बाजूंना जेमतेम तीन-तीन फूट मोकळे. मग फक्त पत्र्याची एक खोली? ब्लॉकच्या भिंती, लोखंडी अँगल, वर पत्रा?

निवृत्त_बांधकाम

ते मातीच्या हिशोबात काठावर बसेल, पावणेआठच्या आसपास. पण वादळात पत्रा वर ओढला जातो. ती ओढ खाली कशात बांधणार, चिखलाच्या भिंतीत? मी इथून हो म्हणणार नाही. त्याच इंजिनिअरना हा पर्याय लेखी विचारा. स्वयंपाकघर, न्हाणीवरचा स्लॅबही खालून ठोकून पाहायला सांगा. पोकळ आवाज आला तर आत सळई गंजलेली असेल आणि मग वर काहीच नको.

साइटवाला_वर्धा_रोड

काका, पाडून नवीन बांधणं स्वस्त पडेल का मग?

निवृत्त_बांधकाम

भाव तुम्ही सांगा, साइटवर तुम्ही आहात. दोन्ही मार्गांत मुरमापर्यंत जावंच लागणार.

हनुमाननगरचा_धाकटा

आज संध्याकाळी बाबांनी स्वतः काच कापून आणली. दोन पट्ट्या लावल्या, एक मागच्या खोलीत, एक स्वयंपाकघरात, आणि पेन्सिलीने तारीख घातली. पत्राबद्दल अजून बोलत नाहीत. दादा लग्नानंतर वर्षभर भाड्याने राहायला तयार झालाय. पत्र्याच्या खोलीचं उद्या इंजिनिअरना लिहून विचारतो, उत्तर आलं की इथे टाकतो.