६० सीटच्या कोवर्किंगचं बजेट: सवलतीच्या सीटवर किती खर्च टाकायचा?

मदत हवी आहे. पुण्यात बाणेरला ३,००० चौ. फूट कार्पेटच्या जागेचं बजेट मांडतोय. मीटिंग रूम आणि पँट्री धरून ६० सीट बसतात.

महिन्याचा खर्च: भाडं १,८०,०००, मेंटेनन्स ३०,०००, वीज-एसी ५०,०००, दोन इंटरनेट लाइन १५,०००, माणसं ६०,०००, चहा-सफाई २५,०००. फर्निचर आणि वायरिंगचे ३६ लाख ६० महिन्यांत वाटले की आणखी ६०,०००. एकूण ४,२०,०००. जीएसटी वगळलाय, डिपॉझिटही यात नाही.

सगळ्या सीट भरल्या तर सीटमागे ७,०००, पण ४५ च भरल्या तर ९,३३३. दर ८,५०० च्या वर जात नाही, म्हणजे ५० सीट भरल्याशिवाय खर्च निघत नाही.

त्यात १२ सीट नव्या स्टार्टअपना ५,००० ने द्यायच्यात. त्या भरलेल्याच धरल्या तरी उरलेल्या ४८ पैकी ४३ लागतात. ९० टक्के म्हणजे जरा जास्तच. ७० सीट करून पाहिल्या, पण एसीचा लोड आणि टॉयलेट पुरत नाहीत. भाड्याचा लॉक-इन ३ वर्षांचाच आहे. फर्निचर ३६ महिन्यांत वाटलं तर खर्च आणखी ४०,००० ने चढतो, आणि तेच खरं तर सुरक्षित वाटतं.

मीटिंग रूमचं उत्पन्न मुद्दाम शून्य धरलंय.

प्रत्यक्ष जागा चालवणाऱ्यांना विचारायचंय: सवलतीच्या सीटवर भाड्याचा पूर्ण वाटा टाकता, की फक्त वीज, चहा, इंटरनेटचा? आणि पहिल्या वर्षी दर तिमाहीला किती टक्के सीट भरलेल्या धरता?