प्रत्यय लागलेले इंग्रजी शब्द

> बोलणं ऐकून मजकूर लिहिणाऱ्या व्हिस्पर मॉडेलला language="mr" दिलं तरी मराठी बोलण्यातले इंग्रजी शब्द चुकतातच.

कारण अडचण नुसत्या इंग्रजी शब्दाची नाही, त्याला चिकटलेल्या मराठी प्रत्ययाची आहे. ‘सर्व्हरवरच्या’ आपण एका दमात बोलतो, पण मॉडेलने हे रूप क्वचितच पाहिलेलं असतं. मग ते जवळपासच्या आवाजाचा ओळखीचा शब्द लिहून टाकतं.

व्हिस्परला सुट्या शब्दांच्या यादीऐवजी बोलण्यासारखी वाक्यं द्या. मला यानेच खरा फरक दिसला:

```
initial_prompt="सर्व्हरवरच्या फोल्डरमधून फाइल घेतली. बॅकअपला वेळ लागला."
```

वाक्यं मोजकीच ठेवा, कारण शेवटची 224 टोकनंच धरली जातात आणि देवनागरीत ती भराभर संपतात. शिवाय ही सूचना थेट लागू होते ती पहिल्या 30 सेकंदांपुरती. लांब रेकॉर्डिंग असेल तर बोलण्यातल्या विरामांवर तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याला तीच वाक्यं पुन्हा द्या.